फ्रंट लोड मशीन स्पिनला घरघरतंय: बेअरिंग गेलंय की आत पिन-नाणं अडकलंय, खर्च करायच्या आधी कसं ओळखायचं

फ्रंट लोड मशीन पाच-सहा वर्षांची झाली की बऱ्याच घरांत एक आवाज सुरू होतो. धुताना ठीक असतं, पण कपडे पिळायला लागली की विमान उतरल्यासारखी घरघर, शेजारच्या खोलीत टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो. मेकॅनिकला फोन केला की तो फोनवरच सांगून मोकळा होतो, "बेअरिंग गेलं, टब खोलावा लागेल." कधी ते खरं असतं, कधी नसतं. कारण तीच मशीन नाणं किंवा केसांची पिन अडकल्यावर पण भरपूर आवाज करते, आणि दोन्हीच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पिन काढायला अर्धा तास आणि एक पाना लागतो, बेअरिंगसाठी अख्खी मशीन मोकळी करावी लागते.

आमच्या नात्यागोत्यात कोणाचीही मशीन बिघडली की फोन मला येतो, त्यामुळे हा प्रकार बऱ्यापैकी बघितलाय. खाली सगळं बेल्टवाल्या मशीनचं धरून लिहितोय, म्हणजे मागे मोठी पुली आणि खाली मोटर असते ती. डायरेक्ट ड्राइव्हवाल्या मशीनमध्ये बेल्ट नसतो, मोटर थेट ड्रमच्या मागे बसवलेली असते, तिथे काय वेगळं ते मध्ये सांगतो.

आधी आतली रचना डोक्यात बसवा, नाहीतर पुढचं कळणार नाही. आपण कपडे टाकतो तो भोकाभोकांचा स्टीलचा ड्रम, तो फिरतो. त्याच्या बाहेर प्लॅस्टिकचा मोठा टब असतो, तो फिरत नाही, पाणी त्यात साठतं. स्टीलच्या ड्रमच्या पाठीला अॅल्युमिनियमचा तीन हातांचा स्पायडर असतो, त्याच्यातून एक जाड शाफ्ट निघतो आणि तो बाहेरच्या टबाच्या पाठीतून आरपार जाऊन पुलीला जोडलेला असतो. जिथून आरपार जातो तिथे दोन बेअरिंग, आणि पाणी बेअरिंगपर्यंत जाऊ नये म्हणून आतल्या बाजूला एक रबरी ऑइल सील. ओले कपडे भरलेला ड्रम समोरून कुठेच टेकलेला नाही, सगळा भार मागच्या त्या दोन बेअरिंगवर.

आता नाणं जातं कसं? दाराच्या राखाडी रबराच्या आणि ड्रमच्या तोंडाच्या मध्ये एक फट असते. खिशातून निघालेलं नाणं तिथून घसरलं की ते ड्रमच्या बाहेर, प्लॅस्टिकच्या टबात पडतं. ड्रमच्या भोकातून नाणं जात नाही, पण केसांची पिन, आंबाड्याचा आकडा, ब्राची तार हे मात्र भोकातून अगदी सहज सुळकन जातं, आणि तार तर कधीकधी अर्धी आत अर्धी बाहेर अशी लटकून बसते. टबाच्या तळाशी एक खोलगट जागा असते, तिथे हीटर असतो, जड वस्तू तिथेच येऊन बसतात. नशीब चांगलं असेल तर पाण्याबरोबर वाहत पुढे पंपाच्या फिल्टरमध्ये येतात, नाहीतर हीटरच्या नळीखाली मुक्काम.

म्हणून पहिली टेस्ट कानाने करायची, हत्याराने नाही. मशीन पूर्ण रिकामी करा, एक रुमालसुद्धा आत ठेवू नका, आणि फक्त ड्रेन-स्पिनचा प्रोग्राम लावा. स्पीड निवडता येत असेल तर आधी ४००, मग ८००, मग असेल तेवढा जास्तीत जास्त. रिकामी यासाठी की कपडे एका बाजूला गोळा झाले की बरी मशीनपण धडाधड हलते, आणि त्या धडधडीत बाकीचं काही ऐकू येत नाही.

मग लक्ष द्या की वेग वाढतो तसं आवाजाचं काय होतं. घरघर कमी वेगात बारीक, वेग वाढला की त्याच प्रमाणात चढत जाणारी, मध्ये कुठे न तुटणारी, आणि आज, उद्या, परवा तश्शीच, तर संशय बेअरिंगवर. याउलट आवाज लहरी असेल, म्हणजे एखादा स्पिन गप्प, पुढच्या स्पिनला खडखडाट, मध्येच थांबला, परत आला, तर टबाच्या तळात काहीतरी सुटं पडलेलं आहे आणि ते कंपनाने नाचतंय. आणि ड्रम हळू फिरताना दर फेरीला बरोब्बर एकदा टिक्, टिक् असं येत असेल आणि वेग वाढला की त्या टिकटिकीचं खर्रर्र होत असेल, तर काहीतरी ड्रमला घासतंय. बहुतेक वेळा पिन किंवा तार.

एक प्रकार असाही असतो की हळू फिरताना आत खुळखुळ्यासारखा आवाज येतो आणि स्पिन धरला की एकदम शांत. ही वस्तू टबात नाही, ड्रमच्या आत आहे, बहुतेक त्या प्लॅस्टिकच्या तीन उंचवट्यांपैकी एकाच्या पोटात, ज्यांनी कपडे वर उचलून आपटले जातात. कारण सोपं आहे, ड्रम साधारण मिनिटाला ६० फेऱ्यांच्या वर गेला की आतली प्रत्येक वस्तू भिंतीला चिकटून राहते, खाली पडतच नाही, मग आवाज कुठून येणार. १००० फेऱ्यांना तर ती वस्तू तिच्या वजनाच्या अडीचशे पटीपेक्षा जास्त जोराने दाबली जाते. म्हणून "हळूला आवाज, जोरात गप्प" हे बेअरिंगचं लक्षण कधीच नाही, त्याच्यासाठी कोणी बेअरिंग बदलायला सांगत असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

अजून एक गोष्ट लोक विसरतात. स्पिन चालू असताना पाणी बाहेर टाकणारा पंपपण चालू असतो. पंपाच्या पंख्यात बटण किंवा पिनचा तुकडा अडकला तर तो कर्रर्र आवाज स्पिनमध्येच ऐकू येतो आणि आपण ड्रमला दोष देतो. म्हणून एकदा स्पिन न लावता फक्त ड्रेन लावून बघा. ड्रम स्थिर आहे आणि आवाज येतोय तर ड्रमचा काही संबंधच नाही.

आणि स्पिन संपतो त्या क्षणी तिथे उभे रहा. मोटरची पॉवर तुटते पण ड्रम थोडा वेळ आपल्या जोराने फिरत राहतो. तेव्हा घरघर तशीच चालू राहून हळूहळू खाली उतरत गेली तर ती फिरणाऱ्या ड्रमची आहे. पॉवर तुटल्या तुटल्या आवाज कापल्यासारखा बंद झाला तर मोटरकडे बघा. (काही मशीन मोटरनेच ब्रेक लावतात, तिथे ही टेस्ट नीट कळत नाही, तेवढं लक्षात असू द्या.)

कानाचं काम झालं, आता हाताचं. प्लग काढा. नुसतं बटण बंद करून चालणार नाही, प्लगच बाहेर. दार उघडा, ड्रमच्या वरच्या काठाला आतून चार बोटं घाला आणि ड्रम वर उचलायचा प्रयत्न करा, मग खाली दाबा. इथे बऱ्याच जणांची फसगत होते, कारण अख्खा टब स्प्रिंगवर टांगलेला असतो, तो हलणारच. तुम्ही बघायचंय ते ड्रमचा काठ आणि बाहेरचं रबर यांच्यातलं अंतर. दोन्ही एकत्र वर-खाली होत असतील तर ते स्प्रिंगचं हलणं, त्यात काही वावगं नाही. पण रबर आणि टब जागच्या जागी आणि ड्रम एकटाच खुट्ट करून वर येतो, खाली बसतो, तर बेअरिंग ढिलं झालंय, पुढच्या टेस्ट नाही केल्या तरी चालतील. पण उलटं खरं नाही हं. खुट्ट झालं नाही म्हणून बेअरिंग चांगलं असं म्हणता येत नाही, सुरुवातीला गंज चढलेलं बेअरिंग बिलकूल ढिलं नसतं, फक्त ओरडत असतं.

मग ड्रम हाताने हळू फिरवा, एका हाताने फिरवत दुसऱ्या हाताचा तळवा टबाच्या रबरावर ठेवा. गंजलेलं बेअरिंग असेल तर हाताला सगळ्या फेरीभर बारीक खरखर लागते, जात्यात खडे आल्यासारखी. पिन असेल तर बाकीची फेरी लोण्यासारखी आणि एकाच ठिकाणी अडल्यासारखं होतं, घासून पुढे जातं. कधी ड्रम त्या ठिकाणी थांबूनच राहतो.

सगळ्यात खात्रीची टेस्ट म्हणजे बेल्ट काढून. मशीन भिंतीपासून पुढे ओढा, ६०-६५ किलोचं धूड असतं, पुढे काँक्रीटचं वजन बसवलेलं असतं, एकट्याने ओढू नका, पाठीचा खर्च मशीनपेक्षा जास्त येतो. मागच्या पत्र्याचे स्क्रू काढले की मोठी पुली दिसते. बेल्ट एका बाजूला ओढत पुली हाताने फिरवली की बेल्ट सायकलच्या चेनसारखा उतरतो. आता पुली जोरात फिरवून सोडा. चांगलं बेअरिंग असेल तर पुली आवाज न करता बराच वेळ फिरते. गेलेलं असेल तर घर्रर्र करत लवकर थांबते, आणि आता मोटर जोडलेलीच नाही म्हटल्यावर मोटरवर ढकलायला जागा उरत नाही. मोटरचा शाफ्टपण वेगळा फिरवून ऐका, कारण मोटरची स्वतःची बेअरिंगपण जातात, पण तो आवाज सहसा बारीक शिट्टीसारखा असतो. डायरेक्ट ड्राइव्हला इथेच अडतं, तिथे हाताने ड्रम फिरवण्यावरच भागवावं लागतं. मागचा रोटर एक मोठा बोल्ट काढून उतरवता येतो पण त्याचे चुंबक जबर ओढतात, बोटं चिमटतात, सवय नसेल तर सोडा.

मागचा पत्रा उघडलाच आहे तर पुलीच्या मागे टबाच्या पाठीवर टॉर्च मारा. मधल्या भोकापासून खाली गेलेला तपकिरी, तेलकट ओघळ दिसला तर खेळ संपला. याचा अर्थ सील फाटलंय, पाणी बेअरिंगमध्ये शिरलंय आणि ग्रीस धुऊन गंजाबरोबर बाहेर येतंय. एवढी स्पष्ट खूण दुसरी कुठलीच नाही, आणि ती बघायला दहा मिनिटंपण लागत नाहीत, तरी नव्वद टक्के मेकॅनिक पत्रा न उघडताच निदान करतात याचं मला कायम आश्चर्य वाटतं.

आता नाशिकच्या ताईच्या मशीनचं सांगतो म्हणजे हे सगळं एकत्र कसं वापरायचं ते कळेल. सात किलोची, १००० आरपीएमची, बेल्टवाली. घरात दोन मुली, दोघींचे लांब केस, आणि बोअरचं जड पाणी. आवाज आला, मेकॅनिक आला, स्पिन लावून उभ्या-उभ्या ऐकलं आणि म्हणाला बेअरिंग, टब असेंब्ली बदलू. आकडा असा सांगितला की ताई म्हणाली त्यात अजून थोडे घातले तर नवीन येईल. मग मला फोन.

रिकामा स्पिन लावला तर हळू वेगात स्पष्ट टिक्... टिक्... दर फेरीला एक, वेग वाढला की खर्रर्र, त्याच्यावर अधूनमधून खणखणाट. घरघर म्हणावी अशी सलग नव्हतीच. आधी सोपं काम, पंपाचा फिल्टर. खाली उजव्या कोपऱ्यात छोटं दार असतं, आत गोल झाकण. उघडायच्या आधी ताट किंवा परातच ठेवा, पोछा जवळ घ्या, आणि गरम पाण्याचा वॉश झाला असेल तर थंड होऊ द्या, एकदम भसकन पाणी येतं. बाजूला बारीक नळी असेल तर तिच्यातून आधी पाणी काढून घ्या. झाकण हळूहळू सोडायचं, जास्त पाणी आलं की परत आवळायचं. ताईच्या फिल्टरमधून निघालं दोन रुपयाचं नाणं, शर्टाचं बटण आणि केसांचा असा बोळा की विचारू नका. परत स्पिन लावला, खणखण कमी झाली, टिकटिक तशीच.

बेल्ट उतरवला, पुली फिरवली. गुळगुळीत, फक्त एका ठिकाणी घासल्यासारखं. मागे ओघळ नाही, ड्रम वर उचलला तर खुट्ट नाही. म्हणजे बेअरिंगला सोडून द्या, वस्तू टबात आहे.

टबात हात घालायचा रस्ता हीटरमधून. काही मशीनमध्ये हीटर मागून खाली दिसतो, काहींत पुढून, तेव्हा पुढचा पत्रा काढावा लागतो आणि रबराची रिंग सोडावी लागते, ते जरा वैतागाचं काम आहे. ताईचा मागून होता. प्लग काढलेला आहे ना ते परत एकदा बघा. टबातलं पाणी पूर्ण काढलेलं असू द्या. वायरींचा फोटो काढा, कुठली कुठे ते नंतर आठवत नाही, मग वायरी ओढून काढा, वायर धरून नाही, टोकाची क्लिप धरून. मधला नट पूर्ण काढू नका, बोल्टच्या टोकाशी येईपर्यंत सैल करा आणि मग बोल्ट आत ढकला. रबर फुगवून हीटर बसवलेला असतो, बोल्ट आत गेला की ते सैल होतं. मग हळूहळू डावी-उजवीकडे हलवत बाहेर ओढायचा. जड पाण्यामुळे हीटरवर चुन्याचा पांढरा थर चढलेला असला तर निघताना त्रास देतो, स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, टबाचं प्लॅस्टिक तडकलं तर पिनऐवजी खरंच टब बदलावा लागेल.

हीटर निघाल्यावर त्या चिरेतून मोबाईलचा टॉर्च मारला तर आंबाड्याचा आकडा दिसला, एक पाय तळाच्या खाचेत रुतलेला आणि दुसरा वर उभा, त्याचं टोक ड्रमला लागत होतं. ड्रमच्या त्या जागी स्टीलवर चकचकीत गोल रेघ उमटलेली. शेजारी एक पाच रुपयाचं पिवळं नाणं.

आता काढायची गंमत. आकडा लोखंडी, चुंबक लावलेली लवचिक दांडी हार्डवेअरच्या दुकानात मिळते तिला पटकन चिकटून आला. एक आणि दोन रुपयाची सध्याची नाणी स्टीलची आहेत, तीपण चुंबकाला चिकटतात. पण पाचचं पिवळं, दहाचं दोन रंगांचं आणि वीसचं, यातलं कुठलंच चुंबकाला दाद देत नाही. तिथे लोक अर्धा तास चुंबक फिरवत बसतात आणि मग म्हणतात आत काहीच नाही. त्यांच्यासाठी जाड वायर टोकाला वाकवून, नाहीतर पट्टीला दुहेरी टेप लावून नाणं ओढून घ्यायचं. सरकवत हीटरच्या भोकाकडे आणायचं, बोटात येतं.

हीटर परत बसवताना रबराला बाहेरून थोडं डिशवॉशचं पाणी लावा, नीट सरकतो. आत टबात हीटरचं टोक धरायला एक पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची पकड असते, तिच्यात टोक गेलंय याची खात्री करा. नाही गेलं तर हीटर वर उचललेला राहतो आणि ड्रमला घासतो, म्हणजे आवाज घालवायला गेलात आणि नवीन आवाज घेऊन आलात. मग नट आवळा, वायरी लावा, एक छोटा प्रोग्राम लावून खाली टपटपतंय का बघा. ताईकडे आवाज गेला, खर्च चुंबकाच्या दांडीचा.

आता दुसरा भाग. त्याच मशीनला पुढच्या वर्षी परत आवाज आला. ताई म्हणाली मुलींनी परत काहीतरी टाकलं. पण या वेळी टिकटिक नव्हती, सलग घरघर होती, वेगाबरोबर चढणारी, आणि मागे टॉर्च मारला तर तपकिरी ओघळ. म्हणजे एकच मशीन, वरवर तोच आवाज, आणि कारण पूर्ण वेगळं. आधी पिन निघाली होती म्हणून आतापण पिनच असेल असं धरून चाललो असतो तर उगाच हीटर काढत बसलो असतो.

बेअरिंगचं काम घरी करावं का, तर माझं मत, हात चालत असतील आणि एक अख्खा दिवस असेल तरच. टब बाहेर काढायचा, दोन भाग सोडवायचे, ड्रम काढायचा. त्याआधी एक बघा, टबाचे दोन भाग स्क्रू आणि क्लिपांनी जोडलेले आहेत की सांधा वितळवून कायमचा चिकटवलेला आहे. चिकटवलेला असेल तर कंपनी बेअरिंग बदलत नाही, अख्खी टब असेंब्ली देते आणि म्हणूनच तो मोठा आकडा येतो. बाहेरचे कारागीर तो सांधा करवतीने कापून, काम झाल्यावर सिलिकॉन आणि स्क्रूने परत जोडतात. व्यवस्थित केलं तर चालतं, घाईने केलं तर गळतं. तुमचा मेकॅनिक कुठल्या जातीचा आहे ते तुम्हालाच माहीत.

काम तुम्ही करा किंवा करून घ्या, पण आवाज परत परत का येतो ते इथे ठरतं. बेअरिंग स्वतःहून क्वचित जातं. आधी सील जातं, पाणी आत शिरतं, मग बेअरिंग गंजतं. त्यामुळे नुसती बेअरिंग बदलून जुनं सील परत ठोकलं तर थोड्या महिन्यांत परत घरघर. सील नवीनच, बेअरिंग दोन्ही नवीन, एक बरं दिसतंय म्हणून ठेवायचं नाही. सीलच्या ओठाला आतून वॉटरप्रूफ ग्रीस भरायचं.

आणि ज्याच्याकडे कोणी बघत नाही ती जागा म्हणजे शाफ्टवर जिथे सीलचा ओठ टेकतो ती पितळेची किंवा स्टीलची रिंग. गंजाच्या कणांनी तिथे खाच पडलेली असते. नखाचं टोक त्या रिंगवरून आडवं फिरवा, अडकलं तर नवीन सीलपण तिथून पाणी सोडणार, कितीही महागाचं आणा. हलका डाग असेल तर बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत होतो, खाच असेल तर स्पायडरच बदलायचा. स्पायडर तसाही हातात घेऊन बघा, अॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी आणि खड्डे दिसतात, पावडर जास्त टाकणाऱ्यांकडे आणि जड पाण्याच्या ठिकाणी जास्त. हातांपैकी एकालाही चीर असेल तर तो परत बसवू नका, स्पिनमध्ये तुटला की ड्रम टबाला फाडून बाहेर येऊ शकतो.

बेअरिंगचा नंबर त्याच्यावर कोरलेला असतो, सात-आठ किलोच्या मशीनमध्ये ६२०५ आणि ६२०६ ही जोडी खूप ठिकाणी सापडते, पण अंदाजाने आणू नका, जुनं घेऊन दुकानात जा. शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणलं की आतल्या भोकाचे मिलिमीटर मिळतात, ०५ म्हणजे २५, ०६ म्हणजे ३०, दुकानदाराने दुसरं काही टेकवलं तर तिथल्या तिथे कळतं. सीलचं मापपण त्याच्या रबरावर छापलेलं असतं, तेही जुनं बरोबर न्या. नामांकित कंपनीची घ्या आणि बेअरिंगच्या मोठ्या दुकानातून घ्या, डुप्लिकेट माल या धंद्यात भरपूर आहे आणि टब परत उघडायची मजुरी बेअरिंगच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त असते.

बसवताना हातोडी मारायचीच असेल तर फक्त बाहेरच्या कड्यावर, जुन्या बेअरिंगचं कडं वर ठेवून त्याच्यावर मारा म्हणजे दाब सारखा जातो. आतल्या कड्यावर ठोकलं की तो धक्का गोळ्यांमधून जातो, त्यांच्या वाटेवर बारीक खड्डे पडतात, आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून कुरकुरतं. "नवीन टाकलं तरी आवाज आहे" अशी तक्रार येते त्यात हे एक कारण बऱ्याचदा निघतं. म्हणून टब बंद करायच्या आधी शाफ्ट घालून हाताने फिरवून बघा, थोडं जड वाटेल, सील नवीन असल्यामुळे, पण खरखर लागता कामा नये.

बाकीच्या कारणांबद्दल दोन ओळी. मशीन नवी आहे आणि पहिल्याच धुण्याला नाचत सुटली तर वाहतुकीत टब हलू नये म्हणून मागे लावलेले ट्रान्झिट बोल्ट काढलेत का ते बघा. जुनी मशीन घर बदलल्यापासून आदळते, तर पाय लेव्हल करा. टबाचा वरचा कोपरा खाली दाबून सोडल्यावर तो दोन-तीन वेळा झुलत राहिला तर शॉक अॅब्सॉर्बर संपलेत. हे सगळे धडाधड प्रकार आहेत, घरघर नाही, आणि रिकाम्या मशीनमध्ये बरेच कमी होतात.

बेअरिंगचा आवाज सुरू झाल्यावर किती दिवस ढकलता येतं, हा प्रश्न हमखास येतो. बारीक घरघर असेल तर स्पिन ४०० किंवा ६०० वर ठेवून, अर्धेच कपडे टाकून काही आठवडे निभावतं, पण ड्रम खुट्ट करायला लागला की थांबा, कारण त्यानंतर शाफ्ट खराब होतो आणि बेअरिंगच्या कामात स्पायडरचा खर्च वाढतो. पिन किंवा तार घासत असेल तर एक दिवसपण ढकलू नका, तिचं टोक प्लॅस्टिकच्या टबाला भोक पाडू शकतं आणि त्या भोकाला पंक्चरवाला नाही. ताईकडे आता मुलींचे कपडे जाळीच्या पिशवीत घालून धुतात, आणि खिसे तपासायचं काम भावजींकडे आहे, सापडलेली चिल्लर त्यांची.